मदत हवी आहे : टॅली येते, पण वार्षिक अहवाल उघडला की गाडी अडते

कीर्दवाला
मी सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो. नावे-जमा, खतावणी, ट्रायल बॅलन्स जुळवणं, सगळं काम करताकरताच शिकलो. परवा एका लिस्टेड कंपनीचा अहवाल डाउनलोड केला, पावणेतीनशे पानं! अध्यक्षांच्या भाषणापासून सुरुवात केली आणि चाळिसाव्या पानावर सोडून दिला. मध्ये काय शिकायला हवं, आणि कोणत्या क्रमाने?

अनघा_ठाणे
आधी ऑडिटरचा रिपोर्ट वाच. शेरा स्वच्छ असेल तर पुढचं डोळे झाकून मान्य करायचं.

जुनी_खतावणी
अनघाताई, अर्धंच बरोबर आहे. स्वच्छ शेरा म्हणजे हिशेब नियमांप्रमाणे मांडलेत, एवढंच. धंदा तोट्यात असला तरी शेरा स्वच्छ असू शकतो.

कीर्दवाला, अहवाल सध्या बाजूला ठेवा. ट्रायल बॅलन्सवरून स्वतःच्या दुकानाचा ताळेबंद करा, पण वर्षअखेरच्या नोंदींसकट: शिल्लक माल, घसारा, द्यायचं राहिलेलं भाडं. रोजच्या एन्ट्र्या करणारा माणूस नेमका इथे अडतो, कारण हे काम सीए करून टाकतो.

मग कॅश फ्लो हाताने करा. समजा, ६ लाखांचा माल रोखीने घेतला आणि सगळा ८ लाखांना विकला, पण त्यातले ३ लाख अजून उधारीत आहेत. नफा २ लाख. गल्ल्यात मात्र ५ आले, ६ गेले, म्हणजे १ लाख कमीच. कंपनी हेच उलटीकडून मांडते: नफा २, त्यातून वाढलेली उधारी ३ वजा, उरले उणे १. घसारा असेल तर तो नफ्यात परत मिळवायचा, कारण त्यात पैसा बाहेर जात नाही. हे कागदावर जमलं की अहवाल उघडा.

गच्चीवाले_काका
आमच्या सोसायटीच्या ताळेबंदात सिंकिंग फंड देण्यांच्या बाजूला दाखवलाय. सेक्रेटरीने घोळ केलाय का?

जुनी_खतावणी
नाही काका, जागा बरोबर आहे. तो पैसा बँकेत खरंच आहे का, ते मालमत्तेच्या बाजूला बघा. आणि यासाठी वेगळा धागा काढा हो!

कीर्दवाला
उधारीचं उदाहरण लगेच कळलं, आमच्याकडे रोज तेच चालतं. पण अहवाल कुठून उघडू?

जुनी_खतावणी
मागून. ताळेबंदात प्रत्येक रकमेशेजारी टीपेचा नंबर असतो. 'ट्रेड रिसीव्हेबल्स'ची टीप काढा. तिथे उधारी किती जुनी आहे त्याचा तक्ता मिळेल: सहा महिन्यांच्या आतली, वर्षाच्या आतली, तीन वर्षांपुढचीसुद्धा. विक्रीपेक्षा उधारी जोरात वाढत असेल आणि जुन्या रकान्यांत सरकत असेल, तर कॅश फ्लोत त्याचे पडसाद दिसतातच. मग ऑडिटरचे 'की ऑडिट मॅटर्स' वाचा. त्याला जास्त लक्ष कुठे द्यावं लागलं ते कळतं. भाषण सगळ्यात शेवटी.

अनघा_ठाणे
बरं, पण आधी स्टँडअलोन बघायचं की कन्सॉलिडेटेड? मी कायम कन्सॉलिडेटेडच बघते.

जुनी_खतावणी
शिकताना स्टँडअलोन, असं माझं मत. उपकंपन्यांची भर नसते, आकडे जुळवून बघता येतात.

अनघा_ठाणे
मला नाही पटत. अर्धा धंदा उपकंपन्यांत असेल तर काय वाचलं मग?

कीर्दवाला
तुमचं ठरेपर्यंत मी दुकानाचा घसारा काढायला घेतो. टेम्पो कधी घेतला, तेच मालकांना आठवत नाहीये.