अनुभव धागा: नवीन रिव्हिजन साइटवर पोचली, पण जुनी प्रत परत आली का?

रंकाळाकर: कोल्हापूरच्या आसपास मोठ्या कामांवर असलेल्यांनी लिहा. ड्रॉइंग बदललं की सही कोणाची होते, नोंद कुठं राहते आणि जुना कागद साइटवरून कसा निघतो? फॉर्मचे नमुने नकोत, प्रत्यक्षात काय होतं ते सांगा.

नदीकाठचा_सिव्हिल: आमच्या पंपहाऊसच्या राफ्टचं सांगतो. आर-1 मध्ये वरच्या जाळीत 16 मिमी सळी 150 मिमी अंतरावर होती. पंपांची अंतिम वजनं आल्यावर सल्लागारांनी आर-2 मध्ये ती 20 मिमी केली, अंतर तेच. सह्या सगळ्या रीतसर होत्या: सल्लागार, प्रकल्प व्यवस्थापन, मालक. तरी यार्डात 16 चीच सळी कापली जात होती.

कारण साधं आहे. सळी कापणारा ड्रॉइंग बघत नाही, तो बीबीएस म्हणजे सळ्यांच्या कापणी-वाकवणीची यादी बघतो. बीबीएस आर-1 वरून काढलेलं, आणि ते कुठल्या रिव्हिजनवरून काढलंय हे त्यावर कुठंच नव्हतं. हे लक्षात आलं स्टोअरवाल्याच्या. 16 ची सळी मीटरला 1.58 किलो, 20 ची 2.47. मागणी दीडपट व्हायला हवी होती, आणि 20 ची मागणी तर आलीच नव्हती. त्यानं फोन केला म्हणून काँक्रीट पडायच्या आधी काम थांबलं.

त्यानंतर रजिस्टरमध्ये प्रत्येक ड्रॉइंगसमोर त्यावर अवलंबून असलेले कागद लिहायला लागलो: बीबीएस, शटरिंग, स्लीव्हचा लेआउट, बिलाची बाब. या प्रत्येकासमोर ‘बदललं’ किंवा ‘बदल लागत नाही’ असं सहीनिशी आल्याशिवाय बदलाची फाइल बंद होत नाही.

शाहूपुरी_ठेकेदार: भावा, एवढा बाऊ कशाला? कापलेली 16 ची सळी 95 मिमी अंतरावर बांधायची, लोखंडाचं क्षेत्रफळ तेवढंच येतंय. साइट इंजिनिअरनं जागेवर ठरवून मोकळं व्हायचं.

नदीकाठचा_सिव्हिल: हिशेब बरोबर आहे, दादा. मीटर रुंदीला 2094 चौरस मिमी लागतं, तुमच्या पद्धतीनं 2116 मिळतं. पण लॅपच्या जागी सळ्या जवळ येतात, कॉलमचे डॉवेल तिथूनच वर निघतात, व्हायब्रेटरची सुई खाली जायला हवी. ते सल्लागारानंच बघायचं. आम्हीही कापलेला माल एका पट्ट्यात तसाच वापरला, पण सल्लागारांनी ड्रॉइंगवर लाल पेनानं लिहून सही केल्यावर. मग तो पट्टा दाखवणारी आर-3 काढून घेतली. नाहीतर उद्या कोणी कोअर काढायला आला तर त्याच्या हातातल्या ड्रॉइंगमध्ये सळी भलत्याच अंतरावर असती.

कागदवाली_ताई: मी डॉक्युमेंट कंट्रोल बघते. आमचा नियम एकच: जुनी प्रत हातात द्या, मग नवी मिळेल. ट्रान्समिटलवर नुसती ‘मिळालं’ची सही पुरत नाही, जुन्या प्रतीचा नंबर लिहून घेते. एक संच ‘रद्द’ शिक्का मारून ऑफिसात ठेवते, कारण जादा कामाचं बिल आलं की ‘आधी काय होतं’ हे त्यातूनच दाखवावं लागतं. बाकीच्या प्रती फाडते. त्रास मोबाइलचा आहे. मिस्त्री ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर टाकतो, आणि तो फोटो परत कसा घेणार?

शिरोली_फाउंड्री: प्रश्न बांधकामाचा दिसतोय, पण आमचंही ऐका. ग्राहकानं कास्टिंगची रिव्हिजन पाठवली, ऑफिसनं मंजूर केली, पॅटर्न मात्र जुनाच. वर मशीनिंगला जुना माल पडलेला. आता आम्ही मंजुरीतच लिहून घेतो की कुठल्या हीट नंबरपासून नवीन लागू आणि तयार मालाचं काय करायचं. तुमच्याकडं हे विचारतात का?

रंकाळाकर: विचारायला हवं. ‘इथून पुढं’ म्हणजे कुठल्या ओतणीपासून, हे आमच्या फॉर्मवर नाहीच.

नवा_डिप्लोमा: माझ्याकडं एका शीटवर ‘बी’ आहे, दुसरीवर ‘0’. बी नंतरची ना? बांधकाम बी वरच करायचं?

कागदवाली_ताई: थांब! बऱ्याच कामांवर अक्षरं मंजुरीआधीच्या फेऱ्यांना असतात आणि 0 ही बांधकामासाठीची पहिली प्रत. पण काही सल्लागार अक्षरंच शेवटपर्यंत चालवतात. शीटवर ‘बांधकामासाठी’ शिक्का आहे का बघ आणि रजिस्टरशी ताडून घे.

कॅड_राजारामपुरी: ड्रॉइंगवर बदलाभोवती काढलेली ढगाची खूण फक्त ड्राफ्ट्समनला आठवलेले बदल दाखवते. आम्ही दोन रिव्हिजन वेगळ्या रंगात एकावर एक ठेवून बघतो. एका शीटमध्ये ढगाबाहेर स्लीव्हची पातळी 150 मिमी खाली सरकलेली सापडली. ती मुद्दाम सरकवली की चुकून, यावर सल्लागार आणि पंपवाले अजून भांडताहेत.

शाहूपुरी_ठेकेदार: बरं, लाल पेनावर सही घेतो. पण सल्लागार पुण्यात, इथं मजुरांची रोजी चालू. तोवर गँग बसवून ठेवायची, त्याचे पैसे कोण देणार?

नदीकाठचा_सिव्हिल: याचं उत्तर आमच्याकडंही नाही. आमच्या करारात उत्तर द्यायची मुदत होती, ती उलटल्यावर भरपाई कोणी द्यायची ते नव्हतं.