मदत हवी आहे: 'नयन'चं अँबिग्राम, पण 'न' ऐवजी 'म' वाचला जातोय

भाचीच्या लाकडी नेमप्लेटसाठी 'नयन' असं लिहायचंय की पाटी १८० अंशांत फिरवली तरी 'नयन'च दिसेल. मधला 'य' सुटला. आरशातल्या इंग्रजी एससारखा बाक काढला की तो फिरवूनही तसाच राहतो.

अडलंय 'न'पाशी. 'न'चा दांडा उजवीकडे असतो, फिरवल्यावर तो डावीकडे जातो. म्हणून सुरुवातीला एक जादा दांडा दिला. आता एकूण चार दांडे, त्यांच्यामध्ये गाठ, बाक, गाठ. रचना जुळते. पण गाठ डाव्या दांड्याला चिकटली की सरळ 'म' होतो (घरच्यांनी 'मयम' वाचलं!), आणि फक्त उजव्याला जोडली तर फिरवल्यावर तीच डावीकडे चिकटते. सध्या गाठ मधोमध ठेवून दोन्हीकडे बारीक फट सोडलीय, तर 'न' तुटका वाटतो.

शिरोरेषा मी काढूनच टाकलीय, गुजरातीसारखी. वर-खाली दोन्हीकडे दिली तर अक्षरं चौकटीत कोंडतात.

दांडे जाड आणि गाठीची रेघ बारीक ठेवली, तर फट न ठेवता 'न' वाचता येईल का? की टोकाचे दोन्ही दांडे वळवून वेलबुट्टीसारखे करू? देवनागरीत कुणी असं केलं असेल तर कच्चं स्केच टाका प्लीज.