मदत हवी आहे : ॲब्स्ट्रॅक्टमध्ये एनएनटी कसा लिहावा?

निवासी_धुळे : सिझेरियननंतर टाक्यांना होणाऱ्या संसर्गाबाबत दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचणीचा ॲब्स्ट्रॅक्ट परवापर्यंत पाठवायचा आहे. ‘नव्या पद्धतीने संसर्ग ५० टक्क्यांनी घटला’ हे वाक्य खोडून सरांनी समासात ‘एनएनटी कुठे आहे?’ एवढेच लिहिले आहे, म्हणजे एक संसर्ग टाळण्यासाठी किती जणींवर नवी पद्धत वापरावी लागते तो आकडा. जागा फार तर एका वाक्याची उरली आहे. कृपया लवकर सांगावे.

चाळीसगावकर : पन्नास टक्के कशाचे? प्रत्येक गटात स्त्रिया किती, संसर्ग किती जणींना झाला आणि कितव्या दिवसापर्यंत पाहिले, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

निवासी_धुळे : प्रत्येकी १००. जुन्या पद्धतीत १२, नव्या पद्धतीत ६. पाठपुरावा ३० दिवसांचा.

तापीकाठ : मग सोपे आहे. फरक ६ टक्के, शंभराला सहाने भागले की १७. ‘१७ जणींमागे एक संसर्ग टळतो’ असे लिहा आणि रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे ते ५० टक्के, काढून टाका, तो जाहिरातीचा आकडा आहे.

संख्याशास्त्र_जळगाव : भागाकार बरोबर, सल्ला अर्धाच. चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या कन्सॉर्ट २०१० मध्ये होय-नाही स्वरूपाच्या निष्कर्षासाठी सापेक्ष आणि निरपेक्ष असे दोन्ही आकडे द्यावेत असेच सुचवले आहे. खरी अडचण वेगळी आहे. या ६ टक्क्यांचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे १.९ ते १३.९ येतो, म्हणजे शून्य त्याच्या आत आहे, फरक मुळीच नसण्याचीही शक्यता उरते. शंभराला या टोकांनी भागून कोणी ‘उणे ५३ ते ७’ असे लिहिले, तर खुद्द १७ हा आकडाच त्या पट्ट्याबाहेर पडतो. खरा पट्टा फायद्याच्या बाजूला ७ पासून अनंतापर्यंत जातो आणि तिथून नुकसानाच्या बाजूला ५३ पर्यंत उतरतो. संख्याशास्त्रज्ञ ऑल्टमन यांनी १९९८ मध्ये हीच मांडणी सुचवली होती.

पाव्हना_अमळनेर : आमच्या वहिनींच्या टाक्यांतून आठ दिवसांनी पाणी येत आहे. यातली कोणती पद्धत करून घ्यावी?

चाळीसगावकर : दादा, हा धागा त्यासाठी नाही. त्यांना आजच डॉक्टरांना दाखवा.

शहादा_पीएचसी : आमच्याकडे असा संसर्ग साधारण ४ टक्के स्त्रियांनाच होतो. मग १७ हा आकडा आम्ही वापरावा का?

संख्याशास्त्र_जळगाव : नाही, मॅडम. निम्म्याने घट हे प्रमाण तुमच्याकडेही टिकते असे धरले, तर ४ चे २ होतील आणि एनएनटी ५० येईल. हे गणित रिलेटिव्ह रिस्कशिवाय करता येत नाही, म्हणून तोही ठेवावा लागतो.

तापीकाठ : इंटरव्हल शून्य ओलांडत असेल, तर एनएनटी मुळीच देऊ नये, असे माझे मत आहे.

संख्याशास्त्र_जळगाव : तसे मानणारे बरेच आहेत. मी एवढेच लिहीन : ‘३० दिवसांत संसर्ग १०० पैकी ६ विरुद्ध १०० पैकी १२, रिलेटिव्ह रिस्क ०.५० (०.२० ते १.२८), निरपेक्ष घट ६ टक्के (उणे १.९ ते १३.९)’. ‘घटला’ हे क्रियापद मात्र या आकड्यांवर टिकत नाही.

निवासी_धुळे : सरांना एनएनटी हवाच आहे. ‘अनंत’ हा शब्द ॲब्स्ट्रॅक्टमध्ये लिहिलेला त्यांना चालेल का, ते उद्या ओपीडीनंतर विचारतो.