अनुभव धागा: परदेशातल्या मराठी कार्यक्रमाचं कॅप्शन, तिकीट आणि स्वयंसेवक

टिळकवाडीकर
माझी धाकटी बहीण इंग्लंडमधल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीत आहे, 7 नोव्हेंबरला शनिवारी त्यांची दिवाळी संध्याकाळ आहे आणि पोस्टरखालचं कॅप्शन नीट करून दे म्हणून मला पाठवलंय, कारण बेळगावात बसलेल्या ताईला मराठी जास्त येतं असा तिचा समज. आलेला मजकूर असा सुरू होतो: "सालाबादप्रमाणे यंदाही आपल्या मंडळातर्फे समस्त मराठी बंधू-भगिनींसाठी दीपावलीनिमित्त भव्यदिव्य सांस्कृतिक संध्येचे आयोजन करण्यात येत असून..." आणि तारीख येते सहाव्या ओळीत! तिकीट अकराव्या ओळीत, आणि शेवटी "स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा". कुठं संपर्क साधावा ते नाही. आपल्या भागातली बरीच मंडळी बाहेर आहेत, कुणी असे कार्यक्रम केलेत, कुणी तिकीट काढून गेलात, काय अनुभव आले ते सांगा. भाषेपेक्षा काम कसं झालं ते जास्त हवंय.

खानापूरकर, सध्या लेस्टर
ताई, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांची तिकिटं मी काही वर्षं सांभाळलीत म्हणून बोलतोय. पहिलं काम सालाबादप्रमाणेला सुट्टी द्या. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची सुरुवातीची साधारण सव्वाशे अक्षरंच दिसतात, पुढचं बघायला बोट लावावं लागतं. देवनागरीत काना मात्रा वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणजे तुमच्या हातात पंधरावीस शब्द आले. त्यात वार-तारीख, वेळ, गाव, काय आहे आणि तिकीट कितीपासून एवढं बसलं पाहिजे. बाकी मोठेपणा खाली लिहा, कॅप्शनला 2,200 अक्षरांपर्यंत जागा असते.
दुसरं, इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती दाबता येत नाही. लोक चिडतात आणि उद्या बघू म्हणून सोडून देतात, तो उद्या काही येत नाही. लिंक प्रोफाईलमध्ये ठेवा आणि कॅप्शनमध्ये तसं लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र सरळ लिंक द्या. हो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठळक दिसायला शब्दाला दोन्हीकडून * लावतात ना, तोच मजकूर उचलून इन्स्टावर चिकटवला की सगळीकडं नुसते तारे दिसतात. दोन प्रती वेगळ्या ठेवा.

निपाणीचा नाना
चांगला कार्यक्रम दिसतोय. रंगमंदिरात आहे काय? निपाणीहून शेवटची बस किती वाजता मिळेल, आणि ज्येष्ठांना तिकिटात सवलत असेल तर दोन धरा.

टिळकवाडीकर
नाना, इंग्लंडात आहे हो कार्यक्रम. 😄

निपाणीचा नाना
मग वरती गावाचं नाव पहिलं घाला की ओ. आमच्यासारखा माणूस अर्ध्यातच तयारीला लागतो.

शहापूर डीटीपी
नाना बरोबर बोलले. माझं दुकान पोस्टरचं आहे, गल्फमधून आणि लंडनकडून पाहुण्यांची कामं येतातच दिवाळीच्या आधी. दोन भानगडी नेहमीच्या. एक, मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून पाठवतात, तो मंडळाच्या कॉम्प्युटरवर छान दिसतो आणि कॅप्शनमध्ये चिकटवला की नुसती इंग्रजी चिन्हं. कॅप्शनला युनिकोडच पाहिजे, मोबाईलवर मराठी कीबोर्डनं टाईप केलं की प्रश्नच मिटला. दोन, जुन्या फोटोशॉपमध्ये Type च्या सेटिंगमध्ये World-Ready Layout निवडलं नाही तर दिवाळीतली पहिली वेलांटी द च्या पुढं जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मराठी न येणाऱ्या डिझायनरला ते कळतच नाही, त्याला सगळं सारखंच सुंदर. छापायच्या आधी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या. आणि ताई, पोस्टरवर तारीख आहे म्हणून खाली लिहायची नाही असं करू नका, चित्रातलं अक्षर शोधताना सापडत नाही.

वडगावची माहेरवाशीण, न्यू जर्सी
आमच्याकडं तारखेचा घोळ वेगळाच असतो. 7/11 लिहिलं की अमेरिकेतला माणूस जुलैची 11 वाचतो, त्यामुळं महिना अक्षरात लिहायचा आणि वार सोबत, दोन्ही जुळले की माणूस निर्धास्त. आणि घरचे लोक लाईव्ह बघणार असतील तर भारतातली वेळ पण द्या, पण हिशेब करून द्या. इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं जातं, इकडं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे तिकडचे संध्याकाळचे 5 सप्टेंबरात आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ असतात पण 7 नोव्हेंबरला साडेदहा. एका कार्यक्रमाला आमच्या सासूबाई तासभर काळा स्क्रीन बघत बसल्या होत्या, जुन्या वर्षीची पोस्ट उचलून नुसती तारीख बदललेली होती मंडळानं.

अनगोळकर
हॅशटॅग विसरू नका, जितके जास्त तितके लोक, मी पूर्वी तीस टाकायचो नेहमी.

खानापूरकर, सध्या लेस्टर
हॅशटॅग टाका पण दोनचार, तुमच्या शहराचं नाव असलेला एक तरी. आमचं तिकीट हॅशटॅगवर कधी खपलं नाही, खपतं ते आईवडिलांच्या ग्रुपमध्ये. एक पोरगं नाचात असलं की आई, बाबा, भाऊ, आलेली आजी अशी चार तिकिटं निघतात. म्हणून कार्यक्रमात काय काय आहे ते लिहिताना सगळे बावीस आयटम लिहू नका, तिनापेक्षा जास्त ठळक गोष्टी नकोत, पण त्यातली एक मुलांची असू दे.

टिळकवाडीकर
मुलांचा किल्ला आहे त्यांचा! बेळगावात प्रत्येक गल्लीत असतो तसा, पण हॉलमध्ये माती आणायची नाही असं सांगितलंय त्यामुळं पुठ्ठा, गोणपाट आणि हिरवा रंग लावलेला लाकडाचा भुसा. मावळे मी इथून पाठवलेत.

वडगावची माहेरवाशीण, न्यू जर्सी
हे घाला की मग! भव्यदिव्य वाचून कोण येत नाही, गोणपाटाचा किल्ला वाचून येतील.

खानापूरकर, सध्या लेस्टर
आता तिकिटाचं. सगळ्यात जास्त भांडण होतं ते "5 वर्षांखालील मुलं मोफत" या ओळीवरून. लोकांना वाटतं मोफत म्हणजे नोंदवायचं नाही. पण हॉलला आगीच्या नियमानुसार माणसांची मर्यादा असते, त्यात कडेवरचं बाळ पण एक माणूस. समजा मर्यादा 300 ची आहे, तुम्ही 280 तिकिटं विकली आणि दारात न नोंदवलेली तीस-पस्तीस बाळं आली, तर हॉलचा मॅनेजर दार लावणार आणि तिकीट काढलेली माणसं बाहेर. एका मंडळात हे डोळ्यांनी बघितलंय, बाहेर पाऊस आणि शालूतल्या बायका. म्हणून ओळ अशी लिहा: मोफत, पण तिकीट काढणं गरजेचं. जेवणाची ताटंपण त्यावरूनच मोजता येतात. बुकिंग साईटची फी वरून पडत असेल तर तेही तिथंच सांगा, 18 वाचून आलेल्या माणसाला शेवटच्या पानावर 19 आणि काही पेनी दिसले की तो मंडळाला शिव्या घालतो, साईटला नाही. आणि दार कधी उघडणार आणि पडदा कधी वर जाणार या दोन वेगळ्या वेळा द्या, आपली माणसं 5 म्हटलं की साडेपाचला निघतात.

चिक्कोडीचा विद्यार्थी
स्वयंसेवकाचं विचारायचं होतं. मी स्टुडंट व्हिसावर आहे इंग्लंडात, विद्यार्थ्यांना असं काम करता येत नाही ना? म्हणून मी नावच देत नाही कुठं.

खानापूरकर, सध्या लेस्टर
सरसकट तसं नाही. आठवड्याला तासांची मर्यादा असते ती कामाला, आणि बिनपगारी पण करार करून बांधील असलेलं काम त्यात धरतात. धर्मादाय संस्थेसाठी एखाद्या संध्याकाळी खुर्च्या लावणं वेगळं धरतात. पण आमच्या मंडळात वाद हा होता की स्वयंसेवकाला तिकीट फुकट दिलं तर तो मोबदला झाला का, त्यावर दोघांची दोन मतं पडली आणि शेवटी फक्त चहा-जेवण द्यायचं ठरलं. तू युनिव्हर्सिटीच्या व्हिसावाल्यांना विचार, माझ्या भरवशावर राहू नको.

वडगावची माहेरवाशीण, न्यू जर्सी
स्वयंसेवक हवेत एवढंच लिहिलं की सगळे स्टेजवर सूत्रसंचालन करायला तयार होतात आणि खरकटं उचलायला कमिटीच्या दोन बायका उरतात. काम, वेळ, किती जण, आणि कार्यक्रम बघायला मिळणार की नाही, चारही लिहा. शेवटची पाळी सगळ्यात अवघड कारण हॉल ठरल्या वेळेला रिकामा केला नाही तर जास्तीचं भाडं लागतं, आणि तेव्हा सगळे पार्किंगमध्ये निरोप घेत उभे असतात. आम्ही ती पाळी पहिल्या नंबरला लिहायला लागलो. आणि कुणाचा खासगी मोबाईल नंबर उघड्या पोस्टवर देऊ नका बाई, रात्री दोनला फोन येतात "तिकीट शिल्लक हाय काय".

टिळकवाडीकर
सगळ्यांचं ऐकून असं केलंय, गावाचं आणि हॉलचं नाव इथं घालत नाही:

"शनिवार 7 नोव्हेंबर, (गाव), संध्या. 5. दिवाळी संध्याकाळ: नाट्यगीतं, मुलांचे नाच, फराळ आणि जेवण. तिकीट 8 पौंडांपासून.

दार 4:15 ला उघडेल, कार्यक्रम 5 ला सुरू म्हणजे 5 ला. आधी आलात तर मुलांनी बांधलेला गोणपाटाचा किल्ला निवांत बघता येईल, मग नाच, मग तासभर नाट्यगीतं, संवादिनी आणि तबल्याच्या साथीनं. जेवण साडेसातला, शाकाहारी. फराळात शेंगदाणे, काजू आणि तीळ आहेत, अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंग करताना लिहा.

सभासद 18 पौंड, इतर 22, मुलं 5 ते 12 वर्षं 8. पाच वर्षांखाली मोफत, पण तिकीट काढणं गरजेचं, हॉलमध्ये बाळही मोजलं जातं. बुकिंग फी यातच धरली आहे. दारात तिकीट मिळणार नाही. लिंक प्रोफाईलमध्ये.

हात हवेत: आवराआवर 8:30 ते 10, आठ जण (पूर्ण कार्यक्रम बघून झाल्यावर). खुर्च्या आणि किल्ला 2 ते 4, सहा जण. जेवण वाढायला 7:15 ते 8:30, सहा जण. चहा-जेवण आमच्याकडून. नाव द्यायला फॉर्म प्रोफाईलमध्येच.

घरच्यांसाठी लाईव्ह: भारतात रात्री 10:30."

शहापूर डीटीपी
झकास. "5 ला म्हणजे 5 ला" पोस्टरवर पण घालतो.

खानापूरकर, सध्या लेस्टर
तिकीट परत करायचं असेल तर काय, त्याची एक ओळ राहिली. आम्ही आठवडाभर आधीपर्यंत पैसे परत देतो, नंतर फक्त दुसऱ्याच्या नावावर करून देतो, कारण जेवणाचा आकडा तेव्हा केटररला गेलेला असतो. आणि पार्किंग?

टिळकवाडीकर
पार्किंगचं बहिणीला विचारलंय. आवराआवरला तीन नावं आलीत आत्तापर्यंत, त्यात एक तिचा नवरा.

निपाणीचा नाना
रात्री साडेदहा म्हणजे उशीरच की. रेकॉर्डिंग ठेवणार काय ते विचारा, आणि किल्ला सुरुवातीलाच दाखवा म्हणावं.