शब्दचर्चा : ‘ट्रेनिंग ॲक्युरसी’ म्हणजे नेमकी कशावरची अचूकता?

विद्यार्थिनी, मिरज
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मशीन लर्निंगच्या पेपरात चार मार्कांचा प्रश्न होता. हवामानाच्या नोंदींवरून द्राक्षबागेत केवडा रोग येणार की नाही हे सांगणारी दोन डिसिजन ट्री दिली होती. दोन्ही त्याच 240 नोंदींवर शिकवलेली. ‘अ’ची ट्रेनिंग ॲक्युरसी 98.75 टक्के, ‘ब’ची 82.5. यातलं चांगलं मॉडेल कोणतं ते कारणासह लिहायचं होतं. मी ‘अ’ लिहिलं, कारण अचूकता जास्त. शून्य मिळाला. मैत्रिणीनं ‘ब’ लिहिलं, कारण ‘अ’ ओव्हरफिट झालंय. तिला एक मार्क. शब्दकोशात ॲक्युरसी म्हणजे अचूकता. मग जे जास्त अचूक ते चांगलं का नाही? आणि ‘अ’ही नाही, ‘ब’ही नाही, तर लिहायचं तरी काय?

विश्रामबाग
सोपं आहे. ट्रेनिंग ॲक्युरसी 95 च्या वर गेली की ते ओव्हरफिटिंग. मॉडेलनं सगळं पाठ केलेलं असतं. मैत्रिणीचं उत्तर बरोबर आहे, तिला पूर्ण मार्क मिळायला हवे होते. रिचेकिंगला टाका.

शब्दवेडी
मला मशीन लर्निंग येत नाही, मी भाषांतरं करते. पण ‘अचूकता’ हा शब्द एकटा वापरला की अडचण होते, एवढं मला दिसतं. अचूकता कशावरची, ते मराठीत सांगावंच लागतं. ‘नेम अचूक’ म्हटलं तर कशावरचा नेम? इथे ‘ट्रेनिंग’ हा शब्द तेच सांगत असावा आणि ताईंनी तो वाचताना सोडून दिला असावा. माझा अंदाज बरोबर आहे का?

कृष्णाकाठ
शब्दवेडी ताई, अगदी बरोबर. ट्रेनिंग ॲक्युरसी म्हणजे ज्या नोंदींची उत्तरं मॉडेलला आधी दाखवली, त्याच नोंदी परत विचारल्यावर जुळलेल्या उत्तरांचं प्रमाण. 240 पैकी 237 जुळल्या की 98.75 टक्के. हा आकडा खोटा नाही, मोजणीही चुकलेली नाही. पण बागायतदाराला या 240 दिवसांचं काही विचारायचं नसतं. त्या दिवशी केवडा आला की नाही हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याला उद्याचं हवं असतं.

आता हा आकडा उद्याबद्दल का बोलत नाही ते बघा. डिसिजन ट्री तयार होताना दर फाट्यावर अनेक सीमा तपासून बघितल्या जातात. आर्द्रता 81 च्या वर की खाली, 82 च्या वर की खाली, पान किती तास ओलं होतं, रात्रीचं तापमान किती. त्यातली जी सीमा या 240 नोंदी सगळ्यात नीट वेगळ्या करते, ती ठेवली जाते आणि बाकीच्या टाकल्या जातात. म्हणजे झाड कसं असावं हे याच नोंदींनी ठरवलं. आणि मग आपण त्याच नोंदींना विचारतो, झाड कसं आहे?

उलट, समजा एखाद्या अनुभवी माणसानं या नोंदी न बघताच नियम सांगितला असता, की सलग दोन दिवस पाऊस आणि पान ओलं असेल तर केवडा येणार. तो नियम या 240 नोंदींवर तपासला असता, तर आलेला आकडा प्रामाणिक असता. नोंदी त्याच, मोजणीही तीच. फरक एवढाच की नियम निवडताना त्या नोंदींचा हात नव्हता. माझ्या मते चार मार्कांतला सगळ्यात मोठा वाटा या एका कारणाला आहे.

विद्यार्थिनी, मिरज
सर, हे पटतंय. पण तरी एवढा मोठा आकडा उगीच कसा येईल? काहीतरी शिकल्याशिवाय 98 टक्के येतात का?

कृष्णाकाठ
येतात. 100 सुद्धा येतात. लॅबमध्ये हे चालवून बघा:

```python
import numpy as np
from sklearn.neighbors import KNeighborsClassifier
from sklearn.model_selection import train_test_split

rng = np.random.default_rng(0)
X = rng.random((400, 5))
y = rng.integers(0, 2, 400)
Xa, Xb, ya, yb = train_test_split(X, y, test_size=0.25)
m = KNeighborsClassifier(n_neighbors=1).fit(Xa, ya)
print(m.score(Xa, ya), m.score(Xb, yb))
```

इथे `y` म्हणजे नुसतं नाणं उडवलंय. `X` आणि `y` यांचा काहीही संबंध नाही, त्यामुळे शिकण्यासारखं त्यात काहीच नाही. तरी पहिला आकडा 1.0 येईल. हे मॉडेल फक्त सगळ्यात जवळची नोंद शोधतं आणि तिचं उत्तर देतं. शिकवलेलीच नोंद विचारली तर तिच्या सगळ्यात जवळ ती स्वतःच असते, अंतर शून्य. दुसरा आकडा न पाहिलेल्या 100 नोंदींवरचा. तो 0.5 च्या आगेमागे फिरेल, कधी 0.44, कधी 0.57. परत परत चालवलं की पहिला हलत नाही, दुसरा हलतो.

मोठ्या न्यूरल नेटवर्कचंही असंच दिसलंय. 2016 साली एका संशोधनगटानं CIFAR-10 या चित्रसंग्रहातल्या 50,000 चित्रांची लेबलं यादृच्छिक करून न्यूरल नेटवर्क शिकवलं. विमान, बेडूक, जहाज, सगळं कसंही लावलेलं. ट्रेनिंगमधली चूक शून्यावर आली. नव्या चित्रांवर मात्र दहा प्रकारांतून डोळे मिटून एक सांगावं तितपतच उत्तरं जमली.

विश्रामबाग
मग मी तेच म्हणतोय ना, जास्त आली म्हणजे पाठांतर. ‘ब’च चांगलं.

कृष्णाकाठ
इथे थोडं थांबू. पाठांतर करूनही 98 येतात हे खरं. पण म्हणून 98 आले की पाठांतरच, हे त्यातून निघत नाही. खरोखर शिकलेल्या मॉडेललाही ट्रेनिंगवर 98 मिळतात.

समजा परीक्षकानं बाजूला ठेवलेल्या 60 नोंदी आपल्याला दिल्या. त्यातल्या 40 वेळा केवडा आला नव्हता. त्यांवर ‘अ’ 41 बरोबर देतं आणि ‘ब’ 47. मग ‘ब’ चांगलं, आणि ‘अ’ची अवस्था अशी की डोळे झाकून ‘नाही, नाही’ म्हणणाऱ्यालाही 40 मिळाले असते. पण त्याच 60 नोंदींवर ‘अ’ 57 आणि ‘ब’ 49 असंही होऊ शकतं. तेव्हा ‘अ’ चांगलं, आणि ‘ब’ला फार आखूड छाटल्यामुळे ते कमी पडलं. प्रश्नातले 98.75 आणि 82.5 हे दोन आकडे या दोन्ही गोष्टींशी जुळतात. म्हणून उत्तर असं, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. शिकवताना न वापरलेल्या नोंदींवर दोन्ही तपासायला हवीत. ‘ब’चे 82.5 सुद्धा पाहिलेल्याच नोंदींवरचे आहेत, ते काही जास्त विश्वासाचे नाहीत.

ओव्हरफिटिंग म्हणायला दोन आकड्यांमधली दरी लागते. एकाच आकड्यात दरी कुठून दिसणार?

विश्रामबाग
मान्य, पण अर्धंच. डिसिजन ट्रीला खोलीची मर्यादा दिली नाही, तर scikit-learn मध्ये ते प्रत्येक टोकाला एकच उत्तर उरेपर्यंत फुटत राहतं. तुमच्या ‘अ’च्या चुकलेल्या तीन नोंदी कदाचित अशा असतील, की सगळी मापं तंतोतंत सारखी पण एकदा केवडा आला आणि एकदा नाही. तिथे झाडाला फुटायला जागाच नसते. असं बेबंद वाढवलेलं झाड असेल तर संशय आधी ‘अ’वरच घ्यायला हवा. एक मार्क कमीच दिला.

कृष्णाकाठ
दादा, त्या तीन नोंदींचं तुम्ही छान पकडलंत. संशय घ्यायला माझी ना नाही. पण प्रश्नात खोली दिलेली नव्हती, आणि ‘संशय आहे’ असं लिहिणं वेगळं, ‘ओव्हरफिट झालंय’ असं लिहिणं वेगळं. आजची मोठी नेटवर्क ट्रेनिंगवर पूर्ण 100 गाठूनही नव्या चित्रांवर उत्तम चालतात, त्यामुळे 95 च्या रेषेचा नियम मी वर्गात सांगत नाही.

बागायतदार, तासगाव
नमस्कार मंडळी. मी परीक्षेतला माणूस नव्हं, पण केवड्याचं नाव वाचून आलो. पोरानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आमच्या बागेतल्या पानांचे फोटो काढून मॉडेल केलं. त्यानं ट्रेनिंगवर नाही, वेगळ्या ठेवलेल्या फोटोंवरच तपासलं. 97 टक्के आले. म्हटलं झकास. मग मेव्हण्याच्या बागेत नेलं तर भुरीला केवडा म्हणतंय, निरोगी पानालाही केवडा म्हणतंय. तुम्ही म्हणता तसंच केलं की त्यानं, मग हे असं का?

कृष्णाकाठ
काका, एकाच पानाचे किती फोटो काढले होते? आणि वेगळे ठेवताना कसे निवडले?

बागायतदार, तासगाव
एका पानाचे चार-पाच, जरा फोन हलवून हलवून. सगळे एकत्र मिसळून कॉम्प्युटरनं पाचातला एक बाजूला काढला, असं सांगतोय.

कृष्णाकाठ
मग ते वेगळे ठेवलेले फोटो नावालाच वेगळे होते. एका पानाचे चार फोटो शिकवताना दाखवले आणि पाचवा परीक्षेला. पान तेच, ऊन तेच, मागची माती आणि तारही तीच. त्याला टेस्ट ॲक्युरसी म्हटलं तरी आतून ती बरीचशी ट्रेनिंग ॲक्युरसीच होती. अख्खी बागच बाजूला ठेवायला हवी. ज्या बागेचा एकही फोटो शिकवताना दाखवला नाही तिच्यावर तपासायचं. मुलाला सांगा, `GroupKFold` वापर आणि `groups` मध्ये बागेचा नंबर दे.

शब्दवेडी
म्हणजे ‘टेस्ट’ हा शब्द लावूनही कशावरची ते सांगावं लागतंच. मी मराठीत ‘दाखवलेल्या नोंदींवरची अचूकता’ आणि ‘न दाखवलेल्या नोंदींवरची अचूकता’ असं लिहू का? एका पाठ्यपुस्तकाच्या कामात ‘सराव-अचूकता’ सुचवलंय, पण सराव म्हटलं की तो जितका चांगला तितकं बरं, असंच वाटतं.

विद्यार्थिनी, मिरज
‘दाखवलेल्या नोंदींवरची’ लांब आहे, पण पेपरात तसं छापलं असतं तर मी ‘अ’ लिहिलं नसतं. एक शंका राहिली. मग ट्रेनिंग ॲक्युरसी काढायचीच कशाला?

विश्रामबाग
हे मी सांगतो. ती कमी आली तर उपयोग होतो. उत्तरं दाखवूनही 55 टक्केच येत असतील आणि सगळीकडे ‘नाही’ म्हटलं तरी 60 मिळत असतील, तर पुढे तपासायची गरजच नाही. एकतर मॉडेल फार साधं आहे, नाहीतर लेबलं चुकलीत, नाहीतर कोडमध्ये घोळ आहे. माझ्या कामात बहुतेक वेळा लेबलंच निघतात.

कृष्णाकाठ
दादांशी सहमत. कमी आली तर बोलते, जास्त आली तर गप्प असते. शब्दवेडी ताई, ‘सराव-अचूकता’ मलाही नको वाटते, पण वर्गात मुलं ‘ट्रेनिंग ॲक्युरसी’च म्हणणार. मी तोच शब्द ठेवून शेजारी ‘दाखवलेल्या नोंदींवरची’ लिहितो. बाकीचे काय वापरतात ते वाचायला आवडेल.

बागायतदार, तासगाव
सर, पण आमच्याकडं बागा तीनच. माझी, भावाची, मेव्हण्याची. एक बाजूला ठेवली तर शिकवायला दोनच उरतात.

कृष्णाकाठ
तरी तसंच करा काका. पाळीपाळीनं एकेक बाग बाहेर ठेवायची आणि प्रत्येक वेळी मॉडेल नव्यानं शिकवायचं. `GroupKFold` ला त्यासाठी `n_splits=3` द्यायला सांगा, नाहीतर ते पाच भाग करायला जाईल आणि अडेल. तीन आकडे येतील. त्यांची सरासरी काढून एकच आकडा सांगू नका, तिन्ही बागेच्या नावासकट लिहा. मेव्हण्यांच्या बागेचा आकडा वेगळा पडला, तर तिथे जात वेगळी आहे का आणि फोटो कोणत्या वेळी काढले, ते आधी बघा.

बागायतदार, तासगाव
जात वेगळीच हाय. माझी थॉमसन, त्याची सोनाका. फोटो संध्याकाळचे. पोराला सांगतो.