ठंडाई रवाळ लागते आणि बर्फाने पाणचट होते, उपाय सांगा

राजवाडा
रंगपंचमीला गेर बघून झाली की आमच्याकडे वीसेक माणसं येतात (आम्ही इंदूरला असतो). यंदा त्यांच्यासाठी घरचीच ठंडाई करायची आहे, तयार मसाला किंवा सरबताची बाटली नको. बदाम, मगज, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची, गुलाबपाकळ्या असं सगळं रात्री एकत्र भिजवते आणि सकाळी मिक्सरला लावून दुधात घालते. चव छान येते, पण जिभेला बारीक रवा लागल्यासारखं होतं आणि पेल्याच्या तळाशी गाळ बसतो. बर्फ घातला तर पाणचट, नाही घातला तर म्हणावी तशी गार नाही. नेमकं काय बदलू?

पाटा_वरवंटा
सोपं आहे. मिक्सर जास्त वेळ फिरवा, अगदी आठ-दहा मिनिटं. आणि खसखस भिजवू नका, कोरडीच दळून घ्या. भिजलेली खसखस पात्याखालून निसटते, म्हणून कचकच राहते.

निशिगंधा
मी वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते यांची पूड करून दुधात उकळते. दूध चांगलं आटलं की रवाळपणा अजिबात जाणवत नाही. कोजागरीला दरवर्षी करते, सगळ्यांना आवडतं.

राजवाडा
निशिगंधाताई, ते मसाला दूध झालं ना? ते आटवलेलं असतं. मला पातळ, गार प्यायची ठंडाई हवी आहे.

ब्रह्माघाट
आमचं घर बनारसचं, इथे महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत घरोघरी ठंडाई होते. ताई, तुमचं जिन्नस बरोबर आहे, फक्त सगळं एकत्र भिजवू आणि वाटू नका. यातल्या काही गोष्टी पोटात जायच्या असतात, बाकीच्यांचा नुसता स्वाद घ्यायचा असतो. बदाम, मगज आणि खसखस लोण्यासारखी वाटली जातात. बडीशेपेचा धागा आणि मिरी-वेलचीची सालं कितीही वाटली तरी मऊ होत नाहीत. तुम्हाला जिभेवर लागतं ते बहुतेक तेच, आणि त्यात थोडी अर्धवट वाटलेली खसखस.

एक लिटर दुधाचं प्रमाण सांगतो. एका वाटीत २५ बदाम. दुसऱ्या वाटीत २ मोठे चमचे मगज आणि २ मोठे चमचे खसखस. खसखस आधी बारीक कापडात धुऊन घ्या, तिच्यात माती असते आणि तीही कचकचते. तिसऱ्या वाटीत १ मोठा चमचा बडीशेप, १२-१५ मिरी, ६ वेलच्या आणि मूठभर सुक्या गुलाबपाकळ्या. मिरी-वेलची जरा ठेचूनच भिजवा, नाहीतर आतपर्यंत पाणी पोचत नाही. तिन्ही वाट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात बाहेर ठेवल्या तर आंबूस वास येतो. बदामाचं पाणी टाकून द्या आणि बदाम सोला. मसाल्याचं पाणी मात्र टाकू नका, सगळा सुगंध त्यातच उतरलेला असतो.

आता वाटणं. खसखस-मगज निथळून चटणीच्या छोट्या भांड्यात घ्या, त्यात चमचाभर साखर घाला आणि पाणी अगदी कमी, पातं फिरेल एवढंच. पाटा_वरवंटा म्हणतात ते निसटणं खरं आहे, पण ते पाणी जास्त झाल्याने होतं. घट्ट असेल तर दाणे एकमेकांवर घासले जातात. कोरडी खसखस घरच्या मिक्सरमध्ये तेल सोडून भांड्याला चिकटते. सलग आठ मिनिटंही नको. भांडं तापतं, बदामाचं तेल सुटतं आणि ठंडाई गार झाली की वर तेलकट तवंग येतो. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडून खाली घ्या, परत फिरवा. मग बदाम घालून तसंच वाटा. वाटण चिमटीत चोळून बघा. कण बोटाला लागला तर जिभेला लागणारच.

मसाला त्याच्याच पाण्यात वेगळा वाटून मलमलच्या फडक्यातून पिळून काढा. फडक्यातला चोथा हिरवट-तपकिरी आणि केसाळ दिसला तर काम झालं. बदामाचं वाटणही दूध घालून दुसऱ्या फडक्यातून गाळा. त्यात मागे पांढरट, पिठूळ काही उरलं तर ते बदाम-खसखस आहे. फेकू नका, थोड्या गार दुधासोबत परत फिरवून पुन्हा पिळा.

मधुरा_के
मसाला गाळायचा हे पटलं. पण बदाम-खसखसही गाळली तर ठंडाईला अंगच राहत नाही. मी नागपूरला करते ती न गाळता. किंचित दाटपणा हवाच. थोडा गाळ तळाशी बसतो, वाढताना ढवळायचं, बस.

ब्रह्माघाट
मधुराताई, वाटण खरंच लोण्यासारखं झालं असेल तर न गाळताही चालेल. आमच्याकडे सिलवर वाटलेलं असलं तरी गाळतात. ज्याची त्याची आवड.

दुबईकर
इथे यूएईत खसखशीवर बंदी आहे, भारतातून येतानाही सामानात आणता येत नाही. तिच्याऐवजी काय घालू?

मधुरा_के
मगज दुप्पट घ्या आणि चार-पाच काजू. काजू जास्त नकोत, गार झाल्यावर ठंडाई खिरीसारखी होते. खसखशीची चव येणार नाही, पण पोत येईल.

राजवाडा
वेगवेगळं भिजवायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल थोडं करून बघितलं, खूप फरक आहे. तरी मधूनमधून मऊ गाठी लागल्या. आणि गार करण्याचं काय?

ब्रह्माघाट
त्या गाठी सायीच्या. दूध तापवून त्यातच साखर विरघळवा. गार दुधात साखर नीट विरघळत नाही, तिचे कणही जिभेला लागतात. मग साय धरू न देता ढवळत निववा आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवा. केशर थोड्या कोमट दुधात वेगळं भिजवा. दूध पुरतं गार झाल्यावरच वाटण मिसळा आणि मिसळल्यावर आणखी चार-पाच तास ठेवा. या वेळात मसाल्याचा स्वादही दुधात मुरतो. गारव्यात गोडी कमी जाणवते, म्हणून कोमट असताना चाखाल तेव्हा किंचित जास्त गोड हवी.

वरून बर्फ घालूच नका. थोडी ठंडाई बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा आणि वाढताना त्याचेच खडे टाका. ते विरघळले तरी पातळ होणार नाही. वेळ कमी असेल तर मोठ्या परातीत बर्फ आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात स्टीलचं पातेलं ठेवा आणि ढवळत राहा. प्लास्टिकच्या भांड्यात गार व्हायला फार वेळ लागतो.

पाटा_वरवंटा
माझ्याकडे तवंग येतो खरा, कारण आज कळलं. पण बदामाचं पाणी का टाकायचं? आमची आजी त्यातच वाटायची.

ब्रह्माघाट
सालींमुळे पाणी तपकिरी आणि किंचित तुरट होतं, म्हणून आम्ही टाकतो. वापरणारी घरंही बघितली आहेत, ठंडाईचा रंग जरा काळपट येतो एवढंच.

राजवाडा
वीस माणसांना किती लागेल? आणि वाटण आदल्या दिवशी करून ठेवलं तर?

मधुरा_के
एक लिटर दुधाची साधारण सव्वा लिटर ठंडाई होते, म्हणजे १५० मिलीचे आठ पेले. वीस जणांना अडीच लिटर दूध पुरेल, पण पोरं दुसऱ्यांदा मागतात, तीन घ्या. वाटण आदल्या दिवशी करा, घट्टच ठेवा, झाकण लावून फ्रिजमध्ये. मसाल्याचं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा आणि दोन्ही सकाळी दुधात मिसळा.