विषय: आजोबांच्या निधनाची सूचना व आजीचे कुटुंब निवृत्तिवेतन – पत्राचा मसुदा तपासून हवा

अभिजित:

मंडळातील सर्व ज्येष्ठांना नमस्कार. माझे आजोबा मध्य रेल्वेच्या कुर्डुवाडी कारखान्यातून १९९९ साली सेवानिवृत्त झाले होते. १४ सप्टेंबर रोजी सोलापूर येथे त्यांचे वयाच्या ८६ व्या वर्षी निधन झाले. दिवसकार्य आटोपून मी परत आलो. बाबा हयात नाहीत आणि आत्या पुण्यात असते, त्यामुळे कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले आहे. मी मंडल रेल प्रबंधक, सोलापूर यांच्या नावाने एक पत्र लिहिले असून, त्यात आजोबांच्या निधनाची सूचना देऊन "मयताचा नातू या नात्याने मी आजीच्या वतीने कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करीत आहे" असे म्हटले आहे. मृत्यूचा दाखला महानगरपालिकेकडून मिळाला आहे आणि आजोबांचा मूळ पी.पी.ओ., म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेश, आजीच्या कपाटात सापडला आहे. हे पत्र योग्य ठिकाणी जात आहे ना, एवढे कोणी पाहील का?

सुरेशकाका:

अभिजित, आजोबांना आदरांजली. माझ्या वडिलांच्या वेळचा अनुभव सांगतो. आजीला निम्मे पेन्शन मिळेल, त्यात फारशी अडचण येत नाही. मात्र जुने खाते ताबडतोब बंद करून आजीच्या एकटीच्या नावाने नवे खाते उघडा, कारण मयत माणसाच्या खात्यात सरकार पैसे टाकत नाही. ३० तारखेला सप्टेंबरचे पेन्शन जमा होईल, ते आधी एटीएममधून काढून घ्या. तो महिना आजोबांच्या हक्काचाच आहे. पत्र रेल्वेलाच पाठवायचे, पेन्शन तेच देतात.

विद्याताई:

मी रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले असून अनेक वर्षे हेच कागद हाताळले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सुरेशराव, खाते बंद करण्याचा आणि एटीएमचा असे आपले दोन्ही सल्ले कृपया अंमलात आणू देऊ नका.

पेन्शन मंजूर रेल्वे करते, पण दरमहा ते बँकेच्या केंद्रीकृत पेन्शन प्रक्रिया केंद्रातून, म्हणजे आपण सगळे ज्याला सीपीपीसी म्हणतो तिथून, खात्यात जमा होते. पी.पी.ओ.वर पत्नीचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नोंदलेले असेल, तर रेल्वेने नव्याने काही मंजूर करावे लागत नाही. मृत्यूची सूचना आणि आजींचा अर्ज पेन्शनच्या शाखेत द्यायचा आणि शाखेने तो सीपीपीसीकडे पाठवायचा. म्हणून पत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावे असावे आणि त्याची प्रत रेल्वेच्या कार्मिक शाखेला द्यावी. खाते आजी-आजोबांचे संयुक्त असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात सुरू होऊ शकते. घाईने ते बंद केले, की नवा खाते क्रमांक नोंदवण्यासाठी आणखी कागद आणि आणखी वाट पाहणे आले.

आता सप्टेंबरचे पाहू. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत, तो दिवस धरून, देय असते आणि कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून लागते. म्हणजे १४ दिवस आजोबांचे पेन्शन आणि १५ तारखेपासूनचे १६ दिवस आजींचे कुटुंब निवृत्तिवेतन, जे रकमेने कमी आहे. सूचना वेळेत पोहोचली नाही, तर ३० तारखेला पूर्ण महिन्याचे पेन्शन जमा होईल, आणि हा फरक पुढे आजींच्याच रकमेतून कापला जाईल. रक्कम खात्यात तशीच राहू द्या. ती काढून घेतलेली दिसली, की शाखेतील माणसे खाते गोठवतात, आणि मग घरखर्चाचे हाल होतात.

अभिजित, एक दुरुस्ती महत्त्वाची आहे. निधनाची सूचना नातू देऊ शकतो, अर्ज मात्र आजींचाच हवा. त्यावर त्यांची सही किंवा अंगठा लागतो, आणि जादा रक्कम आल्यास ती वसूल करण्यास संमती देणारे वचनपत्रही त्यांनीच द्यायचे असते.

मीनल:

माझ्या आजोबांचे असेच झाले होते. ते सोलापूरच्या गिरणीत होते. आजीला खरोखरच निम्मे मिळाले, आणि तेही हजाराच्या आसपास. त्यासाठी आम्ही भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात गेलो होतो, बँकेने आम्हाला काहीच सांगितले नव्हते. तेव्हा अभिजितनेही आधी तिथेच चौकशी करावी असे मला वाटते.

विद्याताई:

मीनल, तुमच्या आजोबांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली होती. तिथे पेन्शनधारकाच्या पश्चात पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते आणि काम भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे असते. सुरेशरावांच्या वडिलांचेही बहुधा तेच असावे. रेल्वेचा हिशेब वेगळा आहे. इथे पेन्शन मूळ वेतनाच्या ५० टक्के आणि कुटुंब निवृत्तिवेतन त्याच वेतनाच्या ३० टक्के असते. म्हणजे मूळ पेन्शनच्या निम्मे नव्हे, तर ६० टक्के. निवृत्तीनंतर सुरुवातीची काही वर्षे लागू असलेला वाढीव दर तुमच्या आजोबांच्या बाबतीत केव्हाच संपला आहे, अभिजित.

शेवटच्या सुधारित आदेशावर वेतन किती धरले आहे, ते कळवाल का? आणि आजींची जन्मतारीख पी.पी.ओ.वर आहे का, हेही पाहा. खरी मेख तिथेच असते.

अभिजित:

विद्याताई, मनापासून आभार. आत्याने फोटो पाठवला, त्यात काल्पनिक वेतन ४३,६०० रुपये आणि मूळ पेन्शन २१,८०० रुपये दिसते. पी.पी.ओ.वर आजीचे नाव आहे, पण जन्मतारखेचा रकाना कोरा आहे. आधार कार्डावर ०१/०१/१९४३ आहे. ट्रंकेत मात्र आजीचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला आणि त्यावर जून १९४६ आहे. आजी म्हणते, "मला काय माहीत, सोयीचं असेल ते घाला." यातले कोणते द्यायचे?

विद्याताई:

आधी आकडे पाहू, म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. ४३,६०० च्या ३० टक्के म्हणजे १३,०८० रुपये मूळ कुटुंब निवृत्तिवेतन, त्यावर महागाई दिलासा वेगळा. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर त्यात २० टक्के अतिरिक्त वाढ मिळते, म्हणजे २,६१६ रुपये, आणि एकूण मूळ रक्कम १५,६९६ रुपये होते. ८५ नंतर ही वाढ ३० टक्के होते. आजोबांना ती मिळत होती, म्हणून त्यांची मूळ रक्कम २८,३४० रुपये होती. पण ही वाढ ज्याची पेन्शन त्याच्या वयावर ठरते. आजोबा ८६ वर्षांचे होते, याचा आजींना उपयोग नाही.

म्हणून आधार धरले, तर आजी आज ८२ वर्षांच्या आणि वाढ १५ सप्टेंबरपासूनच लागू होते. शाळेचा दाखला धरला, तर त्या ७९ वर्षांच्या आणि वाढ पुढच्या जूनच्या १ तारखेपासून, कारण ज्या महिन्यात ८० पूर्ण होतात त्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून ती देय असते. आणि तारीख मुळीच नोंदवली नाही, तर प्रणालीत वाढ आपोआप चढतच नाही. कुणी विचारायला गेले नाही, तर आजी नव्वदीला पोहोचल्या तरी मूळ १३,०८० वरच राहतील. जुन्या पी.पी.ओ.मध्ये हा रकाना कोरा असणे नेहमीचे आहे.

"१ जानेवारी" ही तारीख पाहिली, की कार्यालयातल्या माणसाच्या भुवया उंचावतात. ज्यांना तारीख ठाऊक नव्हती, अशा कितीतरी वृद्धांच्या आधारवर तीच आहे. तरी आधार आणि शाळेचा दाखला हे दोन्ही पुरावे म्हणून स्वीकारले जातात, आणि दोन्हींत तफावत असेल, तर निर्णय बँकेने घ्यायचा की रेल्वेने, यावर मी कागद चार महिने फिरताना पाहिले आहेत. माझे मत असे, की सोयीचे काय हे पाहू नका. आजोबांनी निवृत्तीच्या वेळी कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना भरून दिला असेल, आणि त्यात पत्नीची जन्मतारीख असण्याची शक्यता चांगली आहे. सोलापूरच्या कार्मिक शाखेच्या सेटलमेंट विभागाकडे त्याची प्रत मागा. रेल्वेला प्रत पाठवण्याचे खरे कारण हेच आहे.

सुरेशकाका:

विद्याताई, माझे चुकले असेल, पण व्यवहाराचे सांगतो. आजीला पैसे आज हवेत, अजून चार महिन्यांनी नाही. आधार द्या आणि मोकळे व्हा, कोण विचारतो?

विद्याताई:

वचनपत्र त्यासाठीच घेतात, सुरेशराव. उद्या शाळेचा दाखला कुठल्या तरी फाइलमध्ये वर आला, तर तेव्हापर्यंतची वाढ एकरकमी वसूल होईल, आणि ती ८३ वर्षांच्या बाईच्या खात्यातून. पण तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे: मूळ १३,०८० रुपयांसाठी जन्मतारखेची वाट पाहू नये. ते आताच मागावे आणि वाढीचा विषय पत्रात स्वतंत्र ठेवावा.

अभिजित:

त्याप्रमाणे मसुदा पुन्हा लिहिला आहे.

"प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
...... बँक, ...... शाखा, सोलापूर.

विषय: पी.पी.ओ. क्र. ...... – निवृत्तिवेतनधारकाच्या निधनाची सूचना आणि पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याबाबत.

महोदय,

माझे आजोबा, श्री. ......, मध्य रेल्वेचे सेवानिवृत्त कर्मचारी, यांचे दि. १४ सप्टेंबर रोजी सोलापूर येथे निधन झाले. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. तरी दि. १५ सप्टेंबरपासून त्यांचे निवृत्तिवेतन बंद करावे, आणि त्यानंतरच्या कालावधीची रक्कम खात्यात जमा झाली असल्यास ती समायोजित करावी, ही विनंती. सदर रक्कम खात्यातून काढलेली नाही.

त्यांच्या पत्नी व माझ्या आजी श्रीमती ...... यांचे नाव पी.पी.ओ.मध्ये नोंदलेले असून, त्यांचा स्वतंत्र अर्ज, वचनपत्र, आधार, पॅन, छायाचित्रे आणि संयुक्त खात्याचे पासबुक सोबत जोडले आहे. त्यांना दि. १५ सप्टेंबरपासून त्याच खात्यात कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करावे. पी.पी.ओ.वर त्यांची जन्मतारीख नोंदलेली नाही. त्याबाबत रेल्वेच्या अभिलेखावरून खात्री करून पुरावा स्वतंत्रपणे सादर करण्यात येईल. त्या कारणास्तव मूळ रकमेस विलंब होऊ नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
......
(मयताचा नातू)

प्रत: कार्मिक शाखा, मंडल रेल प्रबंधक कार्यालय, सोलापूर – कुटुंबाच्या तपशिलाच्या नमुन्याची प्रत मिळण्याच्या विनंतीसह."

विद्याताई:

मसुदा चांगला आहे. दोनच गोष्टी. पत्र आत्यांच्या हाती पाठवा आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा तारखेसह पोच शिक्का घेतल्याशिवाय त्यांनी काउंटर सोडू नये. मूळ पी.पी.ओ. तपासणीसाठी दाखवावा, पण त्याची दोन्ही बाजूंची छायाप्रत आधी घरी ठेवावी. आजींना शाखेत जाणे झेपत नसेल, तर त्यांचे वय सांगून घरी येऊन सही घेण्याची विनंती करा. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे, पण न मागता कोणी येत नाही.

आणि हयातीचा दाखला आता आजींच्या नावाने द्यावा लागेल. नोव्हेंबर हा त्याचा महिना. ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, पण आजींच्या बाबतीत ती सवलत धरायची की नाही, हे आधी जन्मतारीख ठरेल तेव्हा कळेल. तोपर्यंत नोव्हेंबरच धरा.

अभिजित:

आत्या सोमवारी शाखेत जाणार आहे. कार्मिक शाखेतून नमुना मिळाला, की त्यात कोणती तारीख आहे ते इथे कळवतो.